मुंबईत रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे नऊ: परदेशी क्लायंटसोबत काम करताना एका प्रश्नात दोन दिवस का जातात?

मुलुंडमध्ये राहणाऱ्या एका वेब डिझायनरचं उदाहरण घेऊ. ती घरूनच काम करते आणि तिचा क्लायंट आहे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमधलं फर्निचरचं एक दुकान. मंगळवारी सकाळी ११ वाजता तिने क्लायंटला मेसेज टाकला, "वेबसाइटवर कोणता लोगो वापरायचा?"

तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारी रात्रीचे साडेदहा वाजले होते. क्लायंटने मेसेज पाहिला त्याच्या मंगळवारी सकाळी आणि दुपारी १२ला उत्तर दिलं, "गेल्या आठवड्यात पाठवला होता तोच." आपल्याकडे तेव्हा बुधवारची मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. डिझायनरने बुधवारी सकाळी उठून उत्तर वाचलं. पण गेल्या आठवड्यात तर दोन लोगो आले होते. तिने पुन्हा विचारलं. त्याचं उत्तर बुधवारी रात्री साडेदहाला आलं आणि तिने ते वाचलं गुरुवारी सकाळी.

म्हणजे पाच मिनिटांच्या प्रश्नाला दोन दिवस लागले. यात कुणी आळस केला नाही. दोघांनीही आपापल्या कामाच्या वेळेत उत्तरं दिली, तरीही काम भिजत पडलं.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमधून परदेशी क्लायंटची कामं करणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. यावर अनेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे रात्री उशिरापर्यंत जागं राहणं. पण जागरणाशिवायही हे दोन दिवस वाचवता येतात. कसे, ते पाहू.

नेमका किती तासांचा फरक?

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात पुन्हा मागे घेतात. त्यामुळे आपल्यातलं अंतरही वर्षातून दोनदा बदलतं.

लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं, तर हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे. सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा.

दोन्ही बाजूंची माणसं एकाच वेळी कामावर असतात, त्या वेळेला 'ओव्हरलॅप' म्हणतात. तुमचा दिवस सकाळी ९:३० ते संध्याकाळी ६:३० असा धरला, तर उन्हाळ्यात लंडनसोबत रोज दुपारी दीडपासून सुमारे पाच तासांचा ओव्हरलॅप मिळतो. तिथे वेगळं काही ठरवायची गरज फारशी पडत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. तिथे सकाळचे ९ वाजतात, तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. अंधेरीच्या ऑफिसमधून बोरिवलीची लोकल किंवा घाटकोपरची मेट्रो पकडायची नेमकी हीच वेळ. त्यामुळे कॉल ऑफिसमधूनच उरकून निघायचं की घरी पोहोचून आठनंतर घ्यायचा, हे आधीच ठरवलेलं बरं. गर्दीत दारापाशी उभं राहून क्लायंटचं बोलणं नीट ऐकू येत नाही आणि काही लिहूनही घेता येत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोसोबत तर नेहमीच्या वेळेत एक मिनिटाचाही ओव्हरलॅप नसतो. तो कुणाच्या तरी सकाळीतून किंवा रात्रीतून काढावा लागतो.

ओव्हरलॅप कसा ठरवायचा?

आपल्या डिझायनरने क्लायंटसोबत आठवड्यातले दोनच दिवस ठरवले, मंगळवार आणि गुरुवार. मुंबईत रात्री ९:३० ते १०:१५, म्हणजे तिकडे सकाळी ९ ते ९:४५. बाकीच्या रात्री तिच्या स्वतःच्या.

सोमवार का नाही? कारण मुंबईत सोमवारची सकाळ होते, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत रविवारची संध्याकाळ असते. आपल्या सोमवारी सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साधारणपणे मंगळवारी हाती येतं. दुसऱ्या टोकाला, तिकडे शुक्रवारची दुपार होते तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट असते. म्हणजे कॅलेंडरवर पाच दिवस दिसले, तरी प्रश्न-उत्तरांची देवाणघेवाण होते ती जेमतेम चार दिवसच.

या ४५ मिनिटांत काय करायचं, तेही ठरलेलं हवं. काय काय झालं हे सांगण्यात वेळ घालवला, तर कॉल वाया गेला. ती माहिती लिहूनही देता येते. दोघांनी स्क्रीनवर एकत्र बघायचं डिझाइन, किमतीची घासाघीस, एखादा मतभेद, अशा लिहून न सुटणाऱ्या गोष्टी ओव्हरलॅपसाठी ठेवायच्या.

नोव्हेंबरमध्ये गडबड का होते?

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये या तारखा आहेत ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणजे दोन-तीन आठवडे असे येतात, की अमेरिकेचं घड्याळ बदललेलं असतं आणि लंडनचं नाही. दोन्हीकडे क्लायंट असतील तर इथे हमखास गोंधळ होतो.

कॅलेंडरमध्ये मीटिंग कोणत्या शहराच्या वेळेनुसार टाकली आहे, त्यावर पुढचं अवलंबून असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेनुसार टाकली असेल, तर १ नोव्हेंबरनंतर डिझायनरचा कॉल साडेनऊऐवजी रात्री साडेदहाला सुरू होईल. भारतीय वेळेनुसार टाकली असेल, तर तिचा कॉल साडेनऊलाच राहील, पण क्लायंटला सकाळी ८ला बसावं लागेल. ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवलं, तर पहिल्या मंगळवारी कुणी तासभर ताटकळत बसणार नाही.

मेसेजमध्ये प्रत्येक वेळी दोन्ही शहरांची वेळ आणि वार लिहायचा. मुंबईला एका शहरात दोन वेळा पाळायची सवय एकेकाळी होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत वापरात होती. आज दुसरं घड्याळ सातासमुद्रापार आहे, एवढाच फरक.

लेखी अपडेटमध्ये काय लिहायचं?

"काम चालू आहे" हे अपडेट नाही. क्लायंट सकाळी उठल्यावर त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: काय पूर्ण झालं, कुठे अडलं आणि त्याने काय करायचं. डिझायनर रोज संध्याकाळी काम थांबवताना जे लिहून पाठवते, ते मराठीत सांगायचं तर असं:

"झालं: होमपेज आणि सोफ्यांचं पान पूर्ण. लिंक सोबत आहे.
अडलं: लोगो. तुम्ही गेल्या आठवड्यात दोन पाठवले होते. दोन्हींचे फोटो खाली आहेत, अ आणि ब. माझ्या मते ब, कारण तो मोबाइलवर स्पष्ट दिसतो.
तुमच्याकडून हवं: अ किंवा ब, एवढंच उत्तर. तुमच्या मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे मुंबईच्या बुधवारी सकाळी ६:३० पर्यंत.
उत्तर आलं नाही तर: ब धरून पुढे जाते. नंतर बदलायला साधारण अर्धा तास लागेल."

आता सुरुवातीच्या मेसेजशी याची तुलना करून पाहा. क्लायंटला जुने मेल शोधावे लागत नाहीत. कॉफी घेता घेता फोनवरून एका अक्षराचं उत्तर देता येतं. आणि त्याने उत्तर दिलंच नाही, तरी बुधवारी सकाळी डिझायनरचं काम सुरू होतं.

शेवटची ओळ सगळ्यात जास्त वेळ वाचवते, पण ती सगळीकडे चालत नाही. जे सहज मागे घेता येतं, तिथेच ती वापरायची. पैसे भरणं, जुना मजकूर कायमचा काढून टाकणं किंवा वेबसाइट लोकांसाठी खुली करणं, या गोष्टी स्पष्ट होकार आल्याशिवाय करायच्या नाहीत, मग दिवस गेला तरी चालेल.

उत्तर किती वेळात द्यायचं?

"शुक्रवारी दिवसअखेर देते" या वाक्यात मोठी फट आहे. मुंबईत शुक्रवारचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत शुक्रवारची पहाट, ६ वाजले आहेत. तिकडची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची सकाळ. दोघांच्या दिवसअखेरीत साडेबारा तासांचं अंतर पडतं. क्लायंटला काम शुक्रवारी सकाळीच हवं असेल आणि तुम्ही शनिवारी पहाटे पाठवलंत, तर शब्दाप्रमाणे दोघेही बरोबर असतात आणि तरी भांडण होतं.

म्हणून काम सुरू होतानाच काही गोष्टी लिहून ठेवायच्या. साध्या मेसेजला पुढच्या कामाच्या दिवशी उत्तर मिळेल. तातडीचं असेल तर फोन करायचा. आणि तातडीचं म्हणजे काय, तेही लिहायचं: वेबसाइट बंद पडली किंवा ग्राहकांचे पैसे अडकले, तर. बटणाचा रंग आवडला नाही, हे तातडीचं नाही.

एवढं ठरवूनही रात्री १ वाजता मेसेजला उत्तर दिलंत, तर क्लायंटच्या लेखी तुमची खरी वेळ तीच. काही सुचलंच तर लिहून ठेवा आणि जीमेलमधल्या Schedule send या सोयीने सकाळी जाईल असं लावून द्या.

सुट्ट्यांचंही तसंच. अनंत चतुर्दशीला मुंबईत काम होणार नाही, हे क्लायंटला दोन आठवडे आधी सांगायला हवं. त्याच्याकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि बरेच लोक शुक्रवारही जोडून घेतात. पावसाळ्यात वीज किंवा इंटरनेट गेलं तर कोणत्या नंबरवरून कळवणार, तेही आधीच सांगून ठेवायचं.

कायदा काही मदत करतो का?

ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेनंतर आलेल्या मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. भारतात सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशा हक्कासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. शिवाय फ्रीलान्सर हा कुणाचा कर्मचारी नसतो. त्यामुळे त्याच्या रात्रीचं संरक्षण करायला त्याने क्लायंटसोबत लिहून ठरवलेल्या अटीच असतात.

ठरवलेलं चालतंय की नाही, कसं ओळखायचं?

क्लायंट वारंवार "काही अपडेट?" असं विचारत असेल, तर तुमच्या लेखी अपडेटमधून त्याला हवं ते कळत नाहीये. ओव्हरलॅपचा कॉल काय झालं ते सांगण्यातच संपत असेल, तरीही दोष तिथेच आहे. आणि एका प्रश्नावर तिसरा मेसेज लिहायची वेळ आली, तर तो लिहू नका. तो प्रश्न पुढच्या मंगळवारी किंवा गुरुवारी कॉलवर घ्या.

मुलुंडच्या त्या डिझायनरचा लोगोचा प्रश्न अशा पद्धतीने एका रात्रीत सुटला असता, आणि तिला त्यासाठी जागावंही लागलं नसतं.