थोरलीची झोप कुठे गेली?

बाळ घरी आलं की रात्री सगळ्यात जास्त कोण छळतं, असं विचारलं तर बऱ्याच घरांत उत्तर ‘बाळ’ असं येत नाही. तान्हं दर दोन-तीन तासांनी उठतं खरं, पण पिऊन झोपतं तरी. अडीच वर्षांची थोरली मात्र साडेदहा वाजले तरी टक्क जागी असते. पाणी मागते, शू आली म्हणते, पुन्हा पाणी मागते, आणि पहाटे तीनला उठून आईच्या अंगावर चढते. घरची मंडळी लगेच कारण सांगून मोकळी होतात: बाळाच्या रडण्याने हिची झोप मोडते, नाहीतर ही जळते. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण घोटाळा बहुतेकदा त्याआधीच, झोप लागण्याच्या क्षणी झालेला असतो.

लहान मुलाची झोप सलग नसते. साधारण तास-दीड तासाची एक फेरी संपली की मूल अर्धवट जागं होतं, चाचपतं, आणि आजूबाजूला सगळं जसंच्या तसं असेल तर कूस बदलून पुन्हा झोपतं. झोप लागताना जे जवळ होतं, तेच त्याला या घडीलाही हवं असतं. अमेरिकेतले मुलांच्या झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही गोष्ट सविस्तर मांडली होती. त्यांच्या पद्धतीवरून पुढे पुष्कळ वाद झाले, पण हे निरीक्षण आजही मानलं जातं.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. मुलगी रोज आईच्या कानाची पाळी कुरवाळत झोपायची. सिझेरियनसाठी आई दवाखान्यात गेली. त्या रात्री बाबांनी तिला पहिल्यांदाच झोपवलं. आई परतली ती टाके घेऊन आणि मांडीवर बाळ घेऊन. थोरली भिंतीकडच्या गादीवर गेली. म्हणजे झोपवणारं माणूस, जागा आणि ती कानाची पाळी, तिन्ही एकाच आठवड्यात गेलं. अशी मुलगी पहाटे तीनला चाचपते आणि हाताला काहीच ओळखीचं लागत नाही. मग ती आईला शोधत येते. बाळ त्या वेळी शांत झोपलेलं असलं तरी येते.

म्हणून झोपवण्याची अदलाबदल बाळ यायच्या सहा-आठ आठवडे आधीच करावी. बाबा किंवा आजी आठवड्यातून तीन-चार रात्री झोपवू लागले की बाळाच्या आगमनाशी त्या बदलाचा संबंध मुलाच्या मनात जोडला जात नाही. नवी गादी, नवी खोली हेही तेव्हाच. ते राहून गेलं असेल तर घाई करू नये, बाळ आल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत. शी-शूची सवय लावण्याचा मुहूर्तही याच काळात काढू नये.

पण आपल्या उदाहरणात वेळ निघून गेलेली आहे. इथे आधी दुपार पाहावी लागते. पाहुणे, बारसं, मालिशवाल्या बाई, या गडबडीत दुपारची झोप चुकते आणि मुलगी साडेचारला कुणाच्यातरी मांडीवर पेंगते. मग तिला नऊला आडवं केलं तर दीड तास नुसतं युद्ध चालतं आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा होऊन बसते. त्यापेक्षा दुपारची झोप तीनपर्यंत संपवावी, सकाळी रोज सातला उठवावं आणि तीन रात्री तिला सरळ साडेदहालाच झोपवावं. झोप दहा-पंधरा मिनिटांत लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे यावं. दोनेक आठवड्यांत सव्वानऊ गाठता येतात. या वयाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. सव्वानऊ ते सात आणि दुपारची दीड तास मिळून ती भरते.

रात्री बाळ आजीकडे द्यावं आणि आईने थोरलीजवळ दहा-पंधरा मिनिटं बसावं. तान्ह्याला पहिले दोन महिने झोपेचं वेळापत्रक नसतंच, तेव्हा वेळ थोरलीच्या सोयीने ठरवायला हरकत नाही. मग ‘बाळाला बघून येते’ म्हणून उठावं आणि एका मिनिटात खरंच परत यावं. दुसऱ्या रात्री दोन मिनिटांत, मग पाच. बाबा तिथेच असतात. ती झोपल्यावर पाय न वाजवता पळ काढणाऱ्या आईपेक्षा, सांगून जाणारी आणि परत येणारी आई मुलीला लवकर पटते. कानाच्या पाळीऐवजी आईच्या जुन्या मऊ साडीचा हातरुमालाएवढा तुकडा चालतो.

रडण्याचं म्हणाल, तर रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात मुलं इतकी गाढ असतात की शेजारच्या रडण्याने सहसा उठत नाहीत. पहाटेकडे झोप हलकी होते, तेव्हा दूध पाजताना मोठा दिवा, मोबाईल आणि गप्पा टाळाव्यात. पंख्याची घरघर उपयोगी पडते. एकाच खोलीत सगळे झोपत असाल तर क्रम महत्त्वाचा: थोरली, मग बाबा, मग आई, आणि आईच्या हाताला येईल असं बाळाचं वेगळं, कडक, उशी-गोधडी नसलेलं अंथरूण. थोरलीला बाळाशेजारी झोपवू नये. झोपेत तिचा हात, तिचं पांघरूण किंवा तो साडीचा तुकडा बाळाच्या तोंडावर येऊ शकतो.

आता मत्सर. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधल्या ४० कुटुंबांचा अभ्यास केला. आई बाळात गुंतलेली असताना थोरल्याचे उपद्रव वाढतात आणि बाळाविषयी त्याच्याशी ‘त्याला काय हवं असेल?’ असं बोलणाऱ्या घरांत भावंडांचं पुढे बरं जमतं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे मात्र पाहुणे वेगळंच बोलतात: ‘आता तुझे लाड संपले हं’, ‘बाळाला आम्ही घेऊन जाऊ?’ गंमत असते ती, पण ऐकणाऱ्याला अडीचच वर्षं झालेली असतात. अशा पाहुण्यांना आजीनेच दटावावं, सुनेला ते जमत नाही.

मुलगी पुन्हा बाटली मागते, पाळण्यात शिरते, अंथरूण ओलं करते. दिवसा पाच मिनिटं ‘बाळ बाळ’ खेळू द्यावं, पण बाटली अंथरुणात देऊ नये, दात किडतात. दूध द्यायचं ते दात घासायच्या आधी. गादीवर रबरी कापड टाकावं आणि ‘एवढी मोठी झालीस’ हे वाक्य गिळावं. सहा महिने कोरडी राहिलेली मुलगी पुन्हा शू करू लागली आणि सोबत खूप तहान, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, तर तो मत्सर समजून बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं यालाही तेच.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सावरतात. बाळ सातव्या-आठव्या महिन्यात रांगत येऊन खेळणी ओढू लागलं की झोपेच्या तक्रारी पुन्हा डोकावू शकतात. दोघांना वेगळ्या खोलीत एकत्र झोपवायचा बेत असेल, तर तो या दिवसांत नको. बाळाचं रात्रीचं पिणं एकदावर आलं की आधी थोरलीला झोपू द्यावं आणि ती गाढ झाल्यावर बाळाला त्याच्या स्वतःच्या पाळण्यात आणून ठेवावं.