स्प्रिंग (तांत्रिक विश्लेषण)

स्प्रिंग म्हणजे संचय पट्ट्यातील किंमत आधारपातळीखाली अल्पकाळ घसरून पुन्हा पट्ट्यात परतणे. ही संज्ञा अमेरिकन बाजार-अभ्यासक रिचर्ड वायकॉफ यांच्या विश्लेषणपद्धतीत वापरली जाते. मध्यम बाजारमूल्याच्या कूटचलनांत उलाढाल विरळ असल्याने आधाराखाली लावलेले स्टॉप-लॉस एकापाठोपाठ लागतात आणि त्या विक्रीतून मोठे खरेदीदार स्वस्तात खरेदी करतात.

समजा, ५० ते ६० रुपयांच्या पट्ट्यातील नाणे ४६ पर्यंत कोसळून त्याच दिवशी ५२ वर बंद झाले. पुढील घसरणीत ते कमी उलाढालीवर ५० च्या वर टिकले, तर आधार फसवा तुटला असे मानतात. वाढत्या उलाढालीसह ते पुन्हा ५० खाली बंद झाल्यास घसरण खरी ठरते. भारतात एप्रिल २०२२ पासून असा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.