तांब्या आला कुणाला भेटायला?

दोन वर्षांचं मूल आंघोळीला रडतं, ते बऱ्याचदा डोक्यावर अचानक पडणाऱ्या पाण्याच्या भीतीने. म्हणून पुढचा तांब्या कुठे येणार, हे गाण्याने आधीच सांगावं. पायांपासून सुरुवात करा: ‘तांब्या आला, तांब्या आला, कुणाला भेटायला? पायाला!’ मग गुडघा, पोट, पाठ. चाल आणि क्रम रोज तोच ठेवा. क्रम पाठ झाला की शेवटचा शब्द गाळून थांबा. तो मुलाने म्हणायचा आणि मगच पाणी पडायचं. पाण्यावर हुकूम आपला चालतो, हे कळलं की मूल स्वतःच पोट पुढे करतं. डोकं सगळ्यात शेवटी: ‘छताला टाटा!’ म्हणताच मान मागे जाते आणि पाणी डोळ्यांत न जाता पाठीवर ओघळतं.

जेवताना तांब्याच्या जागी घास येतो. ‘कुणाला भेटायला?’ यावर ‘बाहुलीला’ असं उत्तर आलं, तर आधी बाहुलीला भरवा. पण गाणं घासाआधीच म्हणा. तोंडात अन्न असताना हसवलं किंवा गायला लावलं, तर घास घशात अडकू शकतो. आणि मुलाने ओठ मिटून मान फिरवली, की गाणं तिथेच थांबवा. गाण्याच्या नादात चोरून घास कोंबला, तर दुसऱ्या दिवशी चाल ऐकताच तोंड बंद होतं.