रंगांच्या मध्ये जाहिरात नको

चार वर्षांचं मूल हत्तीला जांभळा रंग देत असतं आणि अचानक सगळ्या पडद्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू होतो. ही जाहिरात आहे, कोपऱ्यातली बारीक फुली शोधायची, हे मोठ्यांना कळतं. मुलाला ते कळत नाही. त्याला तो चित्राचाच पुढचा भाग वाटतो. ते चमकणाऱ्या बटणावर बोट ठेवतं आणि हत्ती जातो. मिशिगन विद्यापीठातल्या बालरोगतज्ज्ञ जेनी राडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ अ‍ॅप तपासली, तेव्हा ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. काहींमध्ये तर खेळातलं पात्रच मुलाला वस्तू विकत घ्यायला सुचवत होतं.

म्हणून अ‍ॅप उतरवून घेण्याआधी प्ले स्टोअरच्या पानावर नावाखालची बारीक अक्षरं वाचावीत. तिथे Contains ads असेल, तर ते अ‍ॅप सोडून द्यावं. In-app purchases असेल, तर About this app उघडून किमती पाहाव्यात. एका वस्तूची किंमत किती रुपयांपासून किती रुपयांपर्यंत आहे, हे तिथे दिलेलं असतं. वरचा आकडा हजारांत गेला, की बहुधा ती वर्षाची वर्गणी असते. अशा अ‍ॅपमध्ये चार-पाच चित्रं उघडी आणि बाकीची कुलूपबंद, असा प्रकार फार. मूल नेमकं कुलूपबंद मोरावरच अडून बसतं. यापेक्षा एकदाच पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप कितीतरी बरं. मात्र त्याच्या पानावरही या दोन ओळी नाहीत ना, हे पाहावं.

दोन्ही ओळी नसलेलं, पूर्ण मोफत आणि चांगलं अ‍ॅप हवं असेल, तर मी टक्स पेंट सुचवेन. बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प स्वयंसेवक चालवतात. त्यात विकायला काही नाही, त्यामुळे कुलूपही नाही. ते अँड्रॉइडवर आणि घरातल्या जुन्या संगणकावरही चालतं. डावीकडे ब्रश, शिक्के, रेघा, आकार, खोडरबर; खाली रंगांची मोठी बटणं; आणि सूचना देणारा पेंग्विन. चित्र साठवताना फाइलला नाव द्यावं लागत नाही, म्हणून अक्षरओळख नसलेलं मूलही कालचं चित्र छोट्या प्रतिमेवरून शोधून पुन्हा उघडतं. रंगवायची तयार चित्रं उघडली, तर बाह्यरेषा रंगाखाली झाकली जात नाही. पण कोरा कागद आधी द्यावा. एका स्पर्शात आख्खा आकार भरणाऱ्या अ‍ॅपमध्ये हाताला कामच उरत नाही. रेघ ओढताना बोट कुठे वळवायचं, कुठे थांबवायचं, हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं.

त्याच्या मर्यादाही आहेत. फोनच्या लहान पडद्यावर बटणांची गर्दी होते, टॅबलेटवर ते सुटसुटीत वाटतं. दिसायला जरा जुनाट आहे आणि आयपॅडसाठी उपलब्ध नाही. तिथे अ‍ॅपलच्याच नोट्समध्ये बोटाने चित्र काढता येतं, तेही जाहिरातींशिवाय.

आता चुकून होणाऱ्या खरेदीबद्दल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसमोर २०१४ मध्ये अ‍ॅपलने किमान सव्वातीन कोटी डॉलर पालकांना परत करायचं कबूल केलं. एकदा पासवर्ड टाकला, की पुढची पंधरा मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत होती आणि पालकांना ते माहीत नव्हतं. आपल्याकडे ओटीपी किंवा यूपीआय पिन आड येतो, हा मोठा आधार. तरी दोन वाटा उरतात. प्ले स्टोअरच्या खात्यात रिचार्ज कोडने भरलेले पैसे असतील, तर त्यांना बँकेचा ओटीपी लागत नाही. दुसरी वाट आपण स्वतःच उघडतो. ‘सात दिवस मोफत’ पाहून ऑटोपेला एकदा मंजुरी दिली, की ठरलेल्या मर्यादेतली पुढची वर्गणी पिन न विचारता कापली जाते. कापण्याआधी संदेश येतो, पण संदेशांच्या ढिगाऱ्यात तो दिसत नाही.

पहिली वाट बंद करायला प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या वेळी ओळख पटवण्याचा पर्याय आहे. तो ‘प्रत्येक खरेदीला’ असा ठेवावा, ‘दर ३० मिनिटांनी’ असा नको. मुलाला फोनचा पिन माहीत असेल, तर तोही बदलावा. आयपॅडवर स्क्रीन टाइममध्ये अ‍ॅपमधली खरेदी पूर्णच बंद करता येते.

नवं अ‍ॅप मुलाच्या हाती देण्याआधी विमान मोड लावून दहा मिनिटं स्वतः चालवून पाहावं. टक्स पेंट नेटशिवाय नेहमीसारखंच चालतं. एखादं अ‍ॅप उघडायलाच नेट मागत असेल, तर रंगवण्यासाठी त्याला नेट कशाला हवं, हा प्रश्न उरतो. उलट विमान मोडमध्ये जाहिरात दिसली नाही, म्हणून अ‍ॅप स्वच्छ ठरत नाही; नेट सुरू होताच ती परत येते.

आणि वर्गणी घेतलेलं अ‍ॅप नुसतं काढून टाकलं, तर वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून Payments & subscriptions मधून ती रद्द करावी लागते. नंतर यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे यादीत ती मंजुरी उरली नाही ना, हेही पाहून घ्यावं.