सरासरीला काय विचारावं, सर्वांत मोठ्या आकड्याला काय

१९४३ च्या सुरुवातीला लंडनमधल्या अमेरिकी दूतावासाच्या आर्थिक युद्ध विभागाने एक किचकट काम हाती घेतलं. पकडलेल्या जर्मन युद्धसामग्रीवर कोरलेले आणि छापलेले क्रमांक गोळा करायचे आणि त्यांवरून जर्मनीच्या कारखान्यांतून किती माल बाहेर पडतो, ते काढायचं. ऑगस्ट १९४२ या महिन्यात जर्मनीने १,५५० रणगाडे बांधले, असं हेरखात्याचं म्हणणं होतं. क्रमांकांवरून अंदाज निघाला ३२७. युद्ध संपल्यावर जर्मन कागदपत्रं हाती आली, त्यांत आकडा होता ३४२.

हा अंदाज नेमका कसा बांधतात? इथे दोन रस्ते आहेत आणि पहिल्यांदा डोळ्यांसमोर येणारा रस्ता बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, म्हणून हे सावकाश पाहण्यासारखं आहे.

समजा, पाच रणगाड्यांच्या गिअरबॉक्सवरच्या पाट्यांचे फोटो आपल्यासमोर आहेत. त्यांवरून २३, ४१, ५७, ६८ आणि १८६ हे क्रमांक वाचले गेले. क्रमांक १ पासून सुरू होतात, मध्ये कुठे खंड नाही, आणि कोणताही रणगाडा हाती लागण्याची शक्यता सारखीच आहे, असं धरू. संख्याशास्त्रात याला एकसमान वितरण म्हणतात. शोधायची आहे ती त्याची वरची मर्यादा, म्हणजे शेवटचा क्रमांक.

पहिला रस्ता मोमेंट्सच्या पद्धतीचा. कार्ल पिअर्सन यांनी ती १८९४ मध्ये मांडली. तिचं सूत्र असं, की नमुन्याची सरासरी मूळ वितरणाच्या सरासरीइतकी आहे असं मानायचं आणि त्यावरून हवी ती संख्या सोडवून घ्यायची. १ पासून शेवटच्या क्रमांकापर्यंतची सरासरी मधोमध येते, म्हणून नमुन्याच्या सरासरीची दुप्पट करून त्यातून १ वजा केला की झालं. आपल्या पाच आकड्यांची बेरीज ३७५, सरासरी ७५, म्हणजे अंदाज १४९.

पण १८६ क्रमांकाची पाटी तर समोरच्या फोटोत दिसते आहे! एकूण रणगाडे १४९ असतील, तर ती आली कुठून?

हा काही मुद्दाम शोधून काढलेला अपवाद नाही. पाच आकड्यांच्या नमुन्यात हा विरोध साधारण पाचात एकदा येतो. नमुना वाढवला तर तो कमी होईल असं वाटतं, पण होतं उलटंच. शंभर आकडे घेतले, तर शंभरातल्या चाळीसहून अधिक वेळा मोमेंट्सचा अंदाज हाती असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या खाली राहतो. तो खाली राहतो ते मात्र थोडक्याने.

दुसरा रस्ता रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये स्पष्टपणे मांडलेल्या मॅक्सिमम लाइकलीहूडचा. इथे प्रश्न वेगळा विचारतात: शेवटचा क्रमांक किती असता, तर नेमके हेच पाच आकडे हाती लागण्याची शक्यता जास्तीत जास्त झाली असती? १८६ पेक्षा कमी असता तर ही शक्यता शून्यच. त्याहून मोठा धरत गेलो, तर रणगाड्यांची गर्दी वाढते आणि नेमके हेच पाच सापडण्याची शक्यता घटत जाते. म्हणून उत्तर १८६, म्हणजे नमुन्यातला सर्वांत मोठा आकडा. बाकीचे चार आकडे हिशेबात येतच नाहीत.

हे अनेकांना खटकतं. हातात असलेली माहिती अशी टाकून कशी द्यायची? पण सर्वांत मोठा आकडा १८६ आहे हे एकदा कळलं, की उरलेले चार १ ते १८५ मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडलेले असणार. एकूण रणगाडे दोनशे असोत की दोन हजार, त्यांचं हे पडणं बदलत नाही. म्हणून वरच्या मर्यादेबद्दल त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काहीच नाही. मोमेंट्सची पद्धत नेमकं त्यांचंच ऐकत बसते आणि त्यांच्या इकडेतिकडे होण्याने आपला अंदाज हलवून घेते.

१८६ या उत्तरात एक उणीव मात्र आहे. ते खऱ्या संख्येपेक्षा जास्त कधीच असू शकत नाही, म्हणजे सरासरीने कमीच पडणार. ही तूट भरून काढता येते. पाच आकडे १८६ पर्यंतच्या पट्ट्यात पसरले आहेत, म्हणजे दोन आकड्यांमध्ये सरासरी सदतीसेक क्रमांकांचं अंतर पडतं. शेवटच्या आकड्यानंतरही तेवढीच मोकळी जागा असेल असं धरून १८६ मध्ये १८६ चा पाचवा भाग मिळवायचा आणि १ वजा करायचा. उत्तर येतं साधारण २२२. लंडनमधल्या हिशेबांच्या मुळाशी असलेला विचार हाच.

अचूकतेत किती फरक पडतो? दहा आकड्यांच्या नमुन्यात मोमेंट्सची नेहमीची चूक खऱ्या संख्येच्या सुमारे १८ टक्के असते, तूट भरलेल्या अंदाजाची ९ टक्के. शंभर आकड्यांवर ती अनुक्रमे सुमारे ६ आणि १ टक्का होते. चूक निम्मी करायला मोमेंट्सला चौपट नमुना लागतो, दुसऱ्या पद्धतीला साधारण दुप्पट पुरतो.

तरीही फोटोवरून आकडे वाचताना मी सरासरी काढल्याशिवाय पुढे जाणार नाही. कारण सर्वांत मोठ्या आकड्यावर सगळा भार टाकला, की तो एक आकडा चुकीचा वाचला जाणं फार महागात पडतं. पाटी गंजलेली, उजेड तिरपा, आणि ३ चा ८ दिसला असं समजा. खरा क्रमांक १३६ असेल, तर तूट भरलेला अंदाज २२२ वरून १६२ वर येतो. मोमेंट्सचा १४९ वरून १२९ वर, म्हणजे फक्त वीसने. उलट ६८ च्या जागी ६३ असता, तर मॅक्सिमम लाइकलीहूडला त्याचा पत्ताही लागला नसता.

अशी चूक ओळखायची कशी, तर त्याच बाजूला टाकलेल्या चार आकड्यांवरून. मर्यादा किती हे ते सांगत नाहीत, पण १८६ वर विश्वास ठेवावा का, हे सांगू शकतात. सर्वांत मोठा आकडा १८६ असताना उरलेले चारही ६८ किंवा त्याखाली येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी आहे. १३६ असताना ती सहा टक्के होते. म्हणजे १८६ खोटाच, असं सिद्ध होत नाही, पण तो फोटो पुन्हा मोठा करून पाहायला हे कारण पुरेसं आहे. मोमेंट्सचा अंदाज मोठ्या आकड्याच्या बराच खाली गेला, की समजावं की खालचे आकडे एकीकडे दाटले आहेत आणि तपासणीची गरज आहे.

वाचन बरोबर ठरलं, तर संशय मूळ गृहीतकावर जातो. क्रमांक खरंच १ पासून सलग आहेत का? मालिका १००१ पासून सुरू होत असेल आणि ते माहीत नसेल, तर सरासरीची दुप्पट करणं म्हणजे उत्तरात हजाराची भर घालणं. तूट भरतानाही तीच गडबड होते, कारण मधल्या अंतराचा हिशेब शून्यापासून धरलेला असतो. तेव्हा दोन्ही टोकं अज्ञात मानून सर्वांत लहान आकड्यालाही कामाला लावावं लागतं. पँथर रणगाड्यांच्या बाबतीत म्हणूनच विश्लेषकांनी मुख्य भर गिअरबॉक्सच्या क्रमांकांवर दिला. ते दोन सलग, खंड नसलेल्या मालिकांत बसत होते. चॅसी आणि इंजिनाचे क्रमांकही वापरले गेले, पण त्यांचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होता.