जुन्या व्यक्तिछायाचित्रांवरील घडी व डाग काढणे : क्लोन आणि हीलिंग साधनांचा वापर

प्रस्तावना :

देगलूर परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळातील स्टुडिओत काढलेली, फेटा बांधलेल्या वडीलधाऱ्यांची कृष्णधवल छायाचित्रे येथील जुन्या घरांतून आजही आढळतात. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास ती स्कॅन करून जतन करावीशी वाटतात. परंतु घडीची पांढरी रेघ व शाईचे डाग संगणकावर काढताना चेहऱ्यावर धुरकट ठिगळे उमटतात. ही ठिगळे का उमटतात व ती कशी टाळावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन साधनांतील भेद :

क्लोन साधन निवडलेल्या जागेतील पिक्सेल जसेच्या तसे उचलून दुसरीकडे ठेवते. हीलिंग साधन मात्र निवडलेल्या जागेचा केवळ पोत घेते आणि छटा दुरुस्तीच्या जागेभोवतालच्या कडेवरून ठरविते. फोटोशॉपमध्ये हे साधन २००२ साली सातव्या आवृत्तीत, तर विनामूल्य गिंपमध्ये २००७ साली २.४ या आवृत्तीत आले.

ठिगळांची कारणे या भेदातच दडलेली आहेत. हीलिंगचा ब्रश कपाळ आणि गडद पार्श्वभूमी यांच्या सीमेला टेकला, तर कडेवरील काळी छटा कपाळात पसरते व काजळ पुसल्यासारखा डाग दिसतो. क्लोनचा ब्रश फार मऊ असेल, तर त्याच्या कडेपाशी जुने व नवे रवे एकमेकांत मिसळतात. दोन भिन्न रव्यांची सरासरी झाल्याने रवाच नाहीसा होतो आणि ती जागा गुळगुळीत दिसते. एकाच जागेवरून वारंवार ब्रश फिरविल्यास हा दोष वाढतो.

एक उदाहरण :

समजा, ६०० डीपीआयवर स्कॅन केलेल्या छायाचित्रात सुमारे १२ पिक्सेल रुंदीची घडी गडद पार्श्वभूमीतून निघून फेट्याची कड ओलांडते व कपाळावरून गालापर्यंत उतरते. प्रथम मूळ स्कॅन टिफ स्वरूपात वेगळा ठेवावा व मूळ थराची प्रत करून त्या प्रतीवरच काम करावे.

आरंभ सीमारेषांपासून करावा. फेट्याची कड आणि फेटा व कपाळ यांमधील रेषा, या दोन्ही ठिकाणी क्लोन साधन घ्यावे. ब्रश घडीपेक्षा किंचित मोठा, म्हणजे १८ ते २० पिक्सेलचा, आणि `Hardness` ८० टक्क्यांच्या आसपास असावा. नमुना त्याच कडेच्या शाबूत भागावरून घ्यावा. त्यासाठी फोटोशॉपमध्ये Alt, तर गिंपमध्ये Ctrl कळ दाबून क्लिक करावे. नमुन्यातील कड तुटलेल्या कडेशी नेमकी जुळली, तरच रेषा अखंड दिसते.

सीमा सांधल्यावर कपाळ व गालावर हीलिंग साधन वापरावे. ब्रश सीमेपासून निदान एका ब्रशाच्या रुंदीइतका दूर राहावा. उरलेली चिंचोळी पट्टी क्लोननेच भरावी. फोटोशॉपमध्ये कपाळाच्या कडेला धरून नेमकी निवड करून घेतल्यास निवडीबाहेरची छटा आत झिरपत नाही. नमुना सारख्याच पोताच्या त्वचेवरून घ्यावा. दाढीच्या खुंटांचा पोत कपाळावर चालत नाही. घडी एका लांब फटकाऱ्यात न काढता लहान लहान तुकड्यांत काढावी आणि दर दोनतीन तुकड्यांनंतर नमुना बदलावा, अन्यथा तोच ठिपका ओळीने पुन्हा पुन्हा दिसतो. तुकडा बिघडल्यास त्यावरच पुन्हा ब्रश न फिरविता कृती रद्द करून नव्याने करावी.

तपासणी :

चित्र १०० टक्के आकारात पाहून दुरुस्त जागेतील रवा शेजारच्या रव्यासारखा आहे काय, हे तपासावे. त्यानंतर `Curves` ने कॉन्ट्रास्ट तात्पुरता बराच वाढवावा. एरवी न दिसणारी ठिगळे त्यात स्पष्ट होतात.

मर्यादा :

प्रत्येक ठिपका दोष नसतो. तीळ, देवीचे व्रण किंवा जखमेची खूण ही त्या व्यक्तीची ओळख होय. कागदावरील ओरखडा अथवा उठलेला थर तिरप्या प्रकाशात मूळ प्रत धरली असता पृष्ठभागावर दिसतो, आणि घडी किंवा शाईचा ओघळ त्वचा व वस्त्र यांची सीमा न मानता पुढे जातो. त्वचेवरील खूण तसे करीत नाही. शंका असल्यास खूण तशीच ठेवावी. तसेच घडीने डोळ्याचे बुबुळ किंवा ओठांची कड पूर्णपणे नष्ट केली असेल, तर तेथे बसविलेला भाग ही पुनर्स्थापना नसून कल्पना ठरते.

निष्कर्ष :

सीमेवर कठीण कडेचा क्लोन, सलग त्वचेवर हीलिंग आणि दोहोंमध्ये पुरेसे अंतर, हा क्रम पाळल्यास धुरकट ठिगळे बव्हंशी टळतात. दुरुस्त प्रत संशोधनात वापरताना ती दुरुस्त असल्याची नोंद करावी व मूळ स्कॅन सोबत जतन करावा. कारण पुरावा म्हणून मूळ स्कॅनच ग्राह्य धरावा लागतो.