नावाचे लिप्यंतर, पत्त्याचे मात्र थोडे भाषांतरही

समजा, फक्त मराठीत असलेल्या एका ओळखपत्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि इंग्रजी मजकुरासाठी भाषांतराच्या ॲपला दिला. नाव: ज्योती प्रकाश दळवी. पत्ता: मु. पो. वडगाव, राम मंदिरामागे, ता. हवेली, जि. पुणे.

गैरसमज: कागद इंग्रजीत करायचा म्हणजे त्यावरच्या सगळ्याचेच भाषांतर करायचे.

नावाला अर्थ असतो, पण ओळखपत्रावर त्या अर्थाचे काहीच काम नसते. ‘ज्योती’ची ‘फ्लेम’ झाली, तर त्या नावाची बाई जगातल्या कुठल्याच नोंदीत सापडणार नाही. म्हणून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव यांचे फक्त लिप्यंतर करायचे: उच्चार तोच, अक्षरे रोमन. ‘हवेली’चेही तेच. तो पुणे जिल्ह्यातला तालुका आहे, वाडा नव्हे. ॲप मात्र त्याचा वाडा करून मोकळे होऊ शकते.

गैरसमज: मग पत्त्यात भाषांतराला जागाच नाही.

आहे. ‘मागे’, ‘जवळ’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ ही विशेषनामे नव्हेत. इंग्रजी वाचणाऱ्याला ती कळायला हवीत. ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम पोस्ट. त्याचे At Post होते. त्यामुळे हा पत्ता असा उतरतो:

```
At Post Vadgaon, Behind Ram Mandir,
Tal. Haveli, Dist. Pune
```

मंदिराचे ‘टेंपल’ केले तरी चूक नाही. पण गावात पत्ता विचारताना ‘राम मंदिर’च कामी येते, म्हणून मी ते तसेच ठेवीन.

गैरसमज: नियमाने केलेले लिप्यंतर म्हणजे बरोबर स्पेलिंग.

खरा घोळ इथे होतो. आयएसओ १५९१९ या २००१च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे अक्षरशः लिप्यंतर केले, तर ‘दळवी’चे daḷavī होते. ते शास्त्रशुद्ध आहे, पण तसे कोणी लिहीत नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नावासाठी A ते Z एवढीच अक्षरे चालतात. टिंबे आणि रेघा चालत नाहीत. तिथे हे नाव DALVI<<JYOTI<PRAKASH असे दिसेल. पासपोर्ट आधीच काढलेला असेल, तर त्यावर आहे तेच स्पेलिंग घ्यावे, मग त्यात Jyothi का असेना.

उलट्या वाटेने, म्हणजे रोमनवरून देवनागरीत येताना, अडचण वाढते. Dalvi वरून दळवी, दलवी की डलवी, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. रोमनमध्ये ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक आधीच पुसला गेलेला असतो. Kale म्हणजे काळे की काले, हे त्या माणसालाच विचारावे लागते.

गैरसमज: फोटो स्वच्छ दिसतो, म्हणजे वाचनही अचूक.

‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक शिरोरेषेच्या एका तुकड्याचा असतो. लॅमिनेशनवर प्रकाश चमकला की घाटगेंचे धाटगे होतात. ‘१’ आणि ‘९’ यांचीही अशीच गल्लत होते. पिनकोड निदान पडताळता येतो: तो सहा अंकी असतो, महाराष्ट्रात ४ने सुरू होतो आणि पुणे परिसरात बहुधा ४११ किंवा ४१२ने. आडनावाला अशी खूण नसते. ते मूळ कार्ड हातात घेऊन अक्षरन् अक्षर ताडून पाहावे लागते.